‘ठेवल्याचा पुरावा नाही’

मालकांनी कपाटातून एक जाड पाकीट काढलं आणि माझ्यापुढे टेबलावर ठेवलं. “ताई, तुम्ही लिहिलं होतं तसं सगळं गोळा केलंय. चौदाच्या चौदा जणांची. एकही बाकी नाही.” पाकिटात कामगारांची ओळखपत्रं होती. झेरॉक्स नव्हे, मूळ ओळखपत्रं.

त्यांच्या वर्कशॉपमध्ये कामगारांना कसं वागवलं जातं आणि काम किती सुरक्षित आहे, याचं ऑडिट होणार होतं. आठ दिवसांपूर्वी मी त्यांना त्या ऑडिटच्या तपासयादीचं मराठी भाषांतर पाठवलं होतं. त्यातली अकरावी ओळ अशी होती: ‘कामगारांची मूळ ओळखपत्रे ठेवल्याचा पुरावा नाही.’ पुढे दोन चौकटी, ‘हो’ आणि ‘नाही’. मालकांनी ती सरळ वाचली. पुरावा नाही, म्हणजे आपल्याकडे काहीतरी कमी आहे, तर ऑडिटच्या आधी ते जमवून ठेवू. ज्या गोष्टीसाठी ऑडिटर सगळ्यात गंभीर शेरा मारू शकतो, नेमकी तीच गोष्ट माझ्या ओळीमुळे त्या वर्कशॉपमध्ये सुरू झाली होती. त्याआधी तिथे असं काहीच नव्हतं.

हे वर्कशॉप लहान आहे. तीन पॉवर प्रेस, दोन ड्रिल, एक ग्राइंडर, वेल्डिंगचा कोपरा आणि पॅकिंगचं टेबल. पत्र्याचे छोटे भाग बनवून ते एका मोठ्या कारखान्याला देतात आणि तो कारखाना बाहेरच्या खरेदीदाराला माल पाठवतो. खरेदीदाराची पुरवठादारांसाठी आचारसंहिता आहे. ती आता साखळीतल्या शेवटच्या दुकानापर्यंत लागू केली जाणार होती, म्हणून संहितेसोबत चौऱ्याहत्तर ओळींची इंग्रजी तपासयादी आली. ऑडिटला सहा आठवडे होते. तांत्रिक कागदपत्रांचं भाषांतर हे माझं रोजचं काम, त्यामुळे ती माझ्याकडे आली. मी ती चार दिवसांत करून पाठवली. शब्दांपुरतं बोलायचं तर त्यात एकही चूक नव्हती.

अकराव्या ओळीत घोटाळा कुठे झाला, हे मला पाकीट बघितल्यावर कळलं. ऑडिटर लिहितात ते पुराव्याच्या भाषेत. वाईट गोष्ट ‘नाही’ असं ते छातीठोकपणे कधीच लिहीत नाहीत. ‘आम्हाला तिचा पुरावा आढळला नाही’ एवढंच लिहितात, कारण त्यांनी एक-दोन दिवस जे पाहिलं तेवढ्याचीच ते खात्री देऊ शकतात. त्यांच्या लेखी ही चांगली नोंद. मराठीत मात्र ‘पुरावा नाही’ हे वाक्य नेहमी कुणाच्या तरी विरुद्ध जातं. आपलं काम अडतं ते पुरावा नसल्यावर.

भरीस भर म्हणजे त्याच पानावर चौदावी ओळ होती: ‘वयाच्या पुराव्याची कागदपत्रे ठेवली आहेत.’ इथे ‘हो’ हे बरोबर उत्तर. अकराव्या ओळीतही ‘ठेवणे’ आणि चौदाव्या ओळीतही ‘ठेवणे’. इंग्रजीत दोन्हीकडे वेगवेगळे शब्द होते. पहिल्यात अडवून ठेवण्याची छटा होती, दुसऱ्यात फाइलला लावण्याची. मी दोन्हींना एकच क्रियापद वापरलं आणि फरक पुसून टाकला.

मग मालकांना समजावून सांगितलं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने सक्तीच्या मजुरीची ११ लक्षणं सांगितली आहेत. ओळखपत्रं काढून घेणं हे त्यातलं एक. कर्जात अडकवणं, पगार रोखणं, येण्याजाण्यावर बंधन घालणं यांच्याच रांगेतलं. ज्याचं ओळखपत्र दुसऱ्याच्या कपाटात आहे, तो माणूस उद्या काम सोडून जायचं म्हणाला तर त्याला आधी ते मागावं लागतं, आणि मागावं लागणं हाच अडसर आहे. मालकाचा हेतू चांगला असला, कागद जपून ठेवलेले असले, तरी ऑडिटर हेतूवर थांबत नाही. त्याचा प्रश्न असतो की कामगाराला आपलं कार्ड कुणालाही न विचारता, हवं तेव्हा घेता येतं का? कपाटाला कुलूप आणि किल्ली मालकाकडे असेल, तर उत्तर तिथेच मिळालं.

मालक गप्प झाले. नंतर म्हणाले, “मग आत्ताच देऊन टाकू.” त्याच दुपारी त्यांनी एकेकाला बोलावून कार्ड परत दिलं, मिळाल्याची सही घेतली आणि वयाच्या पुराव्याची फक्त प्रत फाइलला लावली. सह्यांचा तो कागद जपून ठेवा, असं मी त्यांना सांगितलं. झालं ते लपवायचं नव्हतं.

त्या रात्री मी पूर्ण यादी बाजूला ठेवली आणि नव्याने सुरुवात केली. आधी ‘हो / नाही’च्या चौकटी काढून टाकल्या. चौऱ्याहत्तरपैकी एकोणीस ओळींत ‘नाही’ हे चांगलं उत्तर होतं आणि बाकीच्यांत ‘हो’. वाचणाऱ्याने प्रत्येक वेळी दिशा ओळखायची, हे कुणाकडूनही अपेक्षित ठेवणं चूक आहे. त्याऐवजी प्रत्येक ओळीत आधी एका सरळ वाक्यात नियम लिहिला, मग ऑडिटर काय बघेल, कोणता कागद मागेल आणि कामगारांना काय विचारेल ते लिहिलं. खाली बारीक अक्षरात मूळ इंग्रजी ओळ तिच्या क्रमांकासह तशीच ठेवली, कारण ऑडिटरचा अहवाल त्याच क्रमांकांनी येतो. ती साखळी तुटली की नंतर कोणता शेरा कशाबद्दल आहे हेच लागत नाही.

अकरावी ओळ अशी झाली: ‘कामगाराचं मूळ ओळखपत्र त्याच्याजवळच असलं पाहिजे. आपण फक्त प्रत ठेवायची. ऑडिटर कपाटं, ड्रॉवर बघू शकतो आणि कामगाराला विचारेल: तुझं कार्ड आत्ता कुठे आहे?’

‘पाहिजे’ हा शब्दही मला ठरवून वापरावा लागला. इंग्रजी यादीत सक्तीसाठी एक क्रियापद होतं आणि शिफारशीसाठी दुसरं. पहिल्या भाषांतरात मी दोन्हींना ‘करावे’ लिहून मोकळी झाले होते. ‘करावे’ म्हटलं की मराठी माणूस त्याला सल्ला समजतो. आता सक्तीच्या ठिकाणी ‘पाहिजे’ आणि शिफारशीच्या ठिकाणी ‘केलेलं बरं’. दुसरा शब्द सरकारी कागदात शोभणार नाही, पण त्यात कुणाचा गैरसमज होत नाही.

एवढं झाल्यावर मी यादी मेलने पाठवली नाही. छापून वर्कशॉपमध्ये घेऊन गेले आणि फोरमनसोबत फिरत एकेक ओळ वाचली. मी वाचायचं, त्याने ती वस्तू मला दाखवायची. दाखवता आली नाही तर ओळ पुन्हा लिहायची, हा नियम.

थिनरपाशी आलो. थिनरच्या वीस लिटरच्या कॅनशेजारी फोरमनने एक रिकामा कॅन धुऊन उभा करून ठेवला होता. “हा दुसरा,” तो म्हणाला. जुन्या भाषांतरात मी लिहिलं होतं: ‘रसायनांसाठी द्वितीय साठवण व्यवस्था आहे.’ त्याने दुसरी साठवण केली होती. इंग्रजी शब्दाचा अर्थ वेगळा आहे. कॅन ही पहिली भिंत. तो फुटला, गळला, कलंडला, तर सांडलेलं जमिनीवर किंवा गटारात न जाता जिथे अडेल ती दुसरी भिंत. लहान वर्कशॉपमध्ये ती म्हणजे कॅनखालचा एक काठ असलेला ट्रे. बस.

ट्रे केवढा पाहिजे, हे त्याने लगेच विचारलं, आणि हा प्रश्न यादीत कुठेच नव्हता. सर्वसाधारण वापरातला हिशोब असा की त्यात ठेवलेल्या सगळ्यात मोठ्या भांड्याच्या ११०% मावलं पाहिजे. वीस लिटरचा कॅन असेल तर बावीस लिटर. ६० सेंटिमीटर लांब, ४० रुंद आणि १० उंच ट्रेमध्ये २४ लिटर मावतं, म्हणजे तो चालेल. एकाच ट्रेमध्ये चार कॅन असतील तरी हिशोब सगळ्यात मोठ्याचा, कारण चारही एकदम फुटतील असं धरत नाहीत. त्यांच्याकडे पत्रा होता, वेल्डिंग होतं. फोरमनने दुसऱ्या दिवशी ट्रे स्वतः बनवला आणि त्यात पाणी ओतून रात्रभर ठेवून बघितलं.

मी ओळ लिहिली: ‘थिनर, तेल, कटिंग ऑइल यांच्या कॅनखाली न गळणारा ट्रे पाहिजे. कॅनमधलं सगळं सांडलं तरी त्यात मावलं पाहिजे. ट्रे रिकामा आणि कोरडा ठेवायचा.’ शेवटचं वाक्य फोरमनच्या अनुभवातून आलं. तो म्हणाला, ट्रे दिला की आठ दिवसांत त्यात पुसायची फडकी आणि नट-बोल्टचे डबे पडणार. बरोबर आहे, आणि तेवढी जागा ट्रेमधून कमी होणार. ऑडिटर ट्रे आहे का एवढंच बघून पुढे जात नाही, तो आत काय पडलंय तेही बघतो.

तिथेच खिडकीत पाण्याची एक जुनी बाटली होती, अर्धी भरलेली. आत थिनर. मोठ्या कॅनवर नाव होतं, धोक्याचं चिन्ह होतं, पण रोजच्या कामासाठी काढून घेतलेल्या बाटलीवर काहीच नव्हतं. यादीतली ओळ ‘सर्व पात्रांवर लेबल आहे’ अशी होती आणि फोरमनच्या मते ते पूर्ण होतं, कारण त्याच्या डोळ्यांपुढे ‘पात्र’ म्हणजे कॅन. मी ‘पात्र’ काढलं. ‘कॅन, बाटली, डबा, ज्यात ओतून घेतलं असेल ते, सगळ्यावर आत काय आहे ते लिहिलेलं पाहिजे. पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत काहीही ओतायचं नाही.’ इंग्रजी यादीत दुसरं वाक्य नाही. तरी मी ते घातलं आणि ते माझं आहे हे कळावं म्हणून कंसात ‘भाषांतरकाराची टीप’ लिहिलं. भाषांतराच्या मर्यादा मी एरवी काटेकोर पाळते, पण ती बाटली बघितल्यावर ते वाक्य वगळणं मला जमलं नाही.

सुट्टीची ओळ मला सगळ्यात उशिरा समजली. कामाच्या तासांबद्दल बहुतेक खरेदीदारांच्या संहिता एकाच मुशीतल्या असतात. एथिकल ट्रेडिंग इनिशिएटिव्ह या कंपन्या, कामगार संघटना आणि स्वयंसेवी संस्थांच्या आघाडीची मूळ संहिता घेतली तर ओव्हरटाइम सोडून आठवड्याला जास्तीत जास्त ४८ तास, ओव्हरटाइम धरून ६०, अपवादाच्या परिस्थितीखेरीज त्याच्या पुढे नाही आणि प्रत्येक सात दिवसांत किमान एक दिवस सुट्टी. देशाचा कायदा परवानगी देत असेल तर सुट्टीच्या बाबतीत चौदा दिवसांत दोन दिवसही चालतात. कायदा आणि संहिता यांत फरक असेल तर कामगाराला जास्त संरक्षण देणारा नियम पाळायचा. आमच्या यादीत ‘प्रत्येक सात दिवसांत एक सुट्टी’ एवढंच होतं. चौदा दिवसांची मुभा नव्हती.

पहिल्या भाषांतरात मी लिहिलं होतं, ‘दर आठवड्याला एक सुट्टी’. वाचायला किती सहज. मालकांनी हजेरीची वही उघडून दाखवली आणि म्हणाले, ही ओळ तर आपण कधीच चुकवली नाही. मी बोट ठेवून मोजत गेले. एका प्रेसवाल्या मुलाला पहिल्या आठवड्यात सोमवारी सुट्टी होती. पुढच्या आठवड्यात माल जायचा होता म्हणून त्याची सुट्टी शनिवारी ढकलली होती. दोन्ही आठवड्यांत सुट्टी आहे. पण मंगळवारपासून रविवारपर्यंत सहा दिवस आणि पुढच्या सोमवारपासून शुक्रवारपर्यंत पाच दिवस, म्हणजे तो सलग अकरा दिवस प्रेसवर उभा होता.

मालकांनी स्वतः पुन्हा मोजलं. आकडा तोच आला. ऑडिटर आठवड्याचे रकाने बघत नाही. कोणत्याही दिवसापासून सात दिवस मोजतो आणि त्यात एक रिकामा चौकोन शोधतो. म्हणून ओळ अशी झाली: ‘कुणालाही सलग सहा दिवसांपेक्षा जास्त काम द्यायचं नाही. सातवा दिवस सुट्टीचा. आठवडा बदलला तरी मोजणी थांबत नाही.’ शेवटचं वाक्य मूळ ओळीत नाही. तरीही त्या ओळीचा सगळा अर्थ त्यातच आहे.

अकरा दिवस निघाले तेव्हा मालक जे बोलले ते या व्यवसायात मी आधीही ऐकलं आहे. “वही नव्याने लिहून काढली तर? आणि ताई, ऑडिटर पोरांना काय विचारणार ते तुम्ही लिहिलंच आहे, तर उत्तरंही लिहून द्या ना. पोरं घाबरतात हो.”

मी नाही म्हटलं, आणि का ते बसून सांगितलं. ऑडिटर एकाच कागदावर कधीच विश्वास ठेवत नाही. वहीत जे लिहिलंय ते तो पगाराच्या हिशोबाशी लावतो, पगाराचा हिशोब कामगाराच्या बोलण्याशी आणि कामगाराचं बोलणं डोळ्यांना दिसतं त्याच्याशी. वहीत रविवारी प्रेस बंद, पण उत्पादनाच्या कार्डावर त्याच रविवारची तारीख आणि नगांचा आकडा. वेल्डिंगचा गॅस सिलिंडर त्या दिवशी आल्याची पावती. प्रथमोपचाराच्या वहीत त्या दिवशी कुणाचं तरी बोट कापल्याची नोंद. यातली एक गोष्ट विसंगत निघाली की सगळ्या नोंदींवरचा विश्वास उडतो. बहुतेक ऑडिट पद्धतींत खोट्या नोंदी हा मूळ चुकीपेक्षा खूप मोठा शेरा आहे. सलग अकरा दिवस काम झालं, हे सुधारता येतं. दोन वह्या सापडल्या तर खरेदीदार बोलणंच थांबवू शकतो.

उत्तरांचंही तसंच. मुलाखत मालकांशिवाय, बंद खोलीत किंवा कामाच्या जागेपासून दूर घेतली जाते. चौदापैकी पाच जणांनी एकच वाक्य एकाच शब्दांत म्हटलं तर ऑडिटरला ते लगेच ऐकू येतं. कामगारांना पढवणं हाही शेरा आहे. माझ्या यादीत ऑडिटर काय विचारेल ते लिहिलं होतं ते कामगार गोंधळू नयेत म्हणून. त्यांनी काय सांगायचं ते त्यांचं. यादीच्या वरच्या बाजूला मी ठळक अक्षरात एक ओळ घातली: ‘ऑडिटरशी बोलणं ऐच्छिक आहे. जे आहे तेच सांगायचं. बोलल्याबद्दल कुणावर राग काढला जाणार नाही.’ तिसरं वाक्य मालकांच्या संमतीशिवाय लिहिण्यात अर्थ नव्हता. त्यांनी थोडा वेळ घेतला आणि खाली सही केली.

शेवटची चाचणी पॅकिंगमधल्या एका बाईंनी घेतली. त्या सातवीपर्यंत शिकलेल्या, वाचन चांगलं. मी त्यांना यादी मोठ्याने वाचायला दिली आणि जिथे त्या अडखळतील तिथे खूण करत गेले. अडतीसाव्या ओळीवर त्या थांबल्या. ‘तक्रार निवारण यंत्रणा कार्यरत आहे.’ त्यांनी आजूबाजूला बघितलं. “ही कुठे बसवलीय?”

मी विचारलं, “मावशी, समजा फोरमनबद्दलच तक्रार आहे. तुम्ही कुणाला सांगाल?” त्या म्हणाल्या, “पेटी आहे ना दाराजवळ.” पेटीची किल्ली कुणाकडे? “फोरमनकडे.” फोरमन तिथेच उभा होता. त्याने खिशातून किल्ली काढून मालकांकडे दिली, कुणी सांगायच्या आधीच. ती ओळ मी तिथल्या तिथे लिहिली: ‘ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याला न कळता तक्रार करता आली पाहिजे. ऑडिटर विचारेल: पेटीची किल्ली कुणाकडे? शेवटची कधी उघडली? आत काय निघालं आणि त्याचं काय केलं?’ पेटी दोन वर्षांत उघडलीच नव्हती. उघडली तेव्हा आत पंख्याबद्दल दोन चिठ्ठ्या होत्या. पंखा दुरुस्त झाला. चिठ्ठ्या आणि दुरुस्तीची तारीख वहीत लिहिली.

ऑडिटच्या दिवशी मी दुभाषी म्हणून नव्हते. संध्याकाळी शेवटच्या बैठकीत मालकांनी बोलावलं म्हणून गेले. ऑडिटर बाईंनी तीन शेरे दिले होते. एका प्रेसचं गार्ड काढून बाजूला ठेवलेलं सापडलं. सलग अकरा दिवसांचा शेरा आला, वही खरी होती म्हणून तो येणारच होता. तिसरा ओळखपत्रांचा. एका मुलाने विचारल्यावर सांगितलं होतं की कार्ड आता माझ्याकडेच आहे, मध्ये आठ दिवस मालकांच्या कपाटात होतं. मालकांनी परत दिल्याच्या सह्यांचा कागद आणि माझं पहिलं भाषांतर दोन्ही पुढे ठेवलं. बाईंनी अकरावी ओळ मला वाचून दाखवायला लावली, मग तिचा अर्थ विचारला. मी सांगितला. त्यांनी ते निरीक्षण म्हणून नोंदवलं आणि यापुढे मूळ कागद घेणार नाही असं लेखी धोरण तीस दिवसांत मागितलं.

मग सुधारणेचा तक्ता भरायचा होता. त्यात एक रकाना मूळ कारणाचा असतो. बहुतेक ठिकाणी तिथे ‘नजरचुकीने’ असं लिहिलेलं मी पाहिलं आहे, आणि ऑडिटर ते परत पाठवतात, कारण नजरचूक उद्याही होईल. मी पेन घेतलं तर मालक म्हणाले, राहू द्या, हे मी लिहितो. सुट्टीच्या शेऱ्यापुढे त्यांनी लिहिलं: ‘आम्ही आठवडे मोजत होतो. दिवस मोजत नव्हतो.’ मी ते इंग्रजीत जसंच्या तसं उतरवून दिलं.